तक्त्यातली लोहाची ओळ

या पुस्तिकेसोबत जो मोठा तक्ता घडी घालून दिला आहे, तो बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी उघडतील आणि भिंतीवर लावतील. डावीकडे जीवनसत्त्वांची आणि खनिजांची नावे, पुढे ती कोणत्या अन्नातून मिळतात, मग कमी पडली तर दिसणारी लक्षणे आणि शेवटी रोजची गरज. तक्ता पाठ करायला सोपा आहे, आणि मला काळजी वाटते ती याचीच. पाठ झालेल्या तक्त्यावरून बोट सरळ रेषेत फिरते. बाई थकली आहे, म्हणजे लोह कमी. लोह कमी, म्हणजे पालक खा. प्रत्यक्षात लक्षण आणि कमतरता यांच्यामध्ये रक्ततपासणी उभी असते, तर अन्न आणि गरज यांच्यामध्ये आतडे. तक्त्यात या दोहोंसाठी रकाना नाही. त्यामुळे सगळ्या ओळींची धावती ओळख करून देण्यापेक्षा या प्रस्तावनेत लोहाची एकच ओळ सावकाश वाचायची असे मी ठरवले. ही एक ओळ नीट वाचता आली, तर बाकीच्या ओळी विद्यार्थी आपापल्या वाचू शकतील.

लोह निवडण्याचे कारण घराघरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, 15 ते 49 वयोगटातल्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्राचा आकडा 54 टक्क्यांच्या आसपास होता. हा रक्तक्षयाचा आकडा आहे, लोहाच्या कमतरतेचा नव्हे. हा फरक पुढे पुन्हा येईल.

आधी शेवटचा रकाना घेऊ, कारण विद्यार्थी तिथेच सर्वांत आधी अडखळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीसाठी लोहाचे दोन आकडे आहेत. सरासरी गरज 15 मिलिग्रॅम आणि शिफारस केलेली दैनिक मात्रा 29 मिलिग्रॅम. पुरुषासाठी हेच आकडे 11 आणि 19 आहेत. एकाच बाईसाठी 15 आणि 29 असे दोन आकडे कसे, हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे.

पन्नास किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरातून त्वचा, आतडे आणि लघवी यांवाटे रोज साधारण 0.7 मिलिग्रॅम लोह जाते. ते टाळता येत नाही. त्यात पाळीची भर पडते. एक मिलिलिटर रक्तात, हिमोग्लोबिन 12 असेल तर, साधारण 0.4 मिलिग्रॅम लोह असते. पाळीत महिन्याला 35 ते 40 मिलिलिटर रक्त गेले, तर लोह गेले 15 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. दोन्ही मिळून रोजचा तोटा 1.2 मिलिग्रॅम. आपल्या जेवणातल्या लोहापैकी सुमारे 8 टक्केच रक्तात शोषले जाते असे धरतात. मग 1.2 मिलिग्रॅम आत जायला ताटात 15 मिलिग्रॅम लागतात. हा झाला पहिला आकडा.

आता दुसरी स्त्री घ्या, जिच्या पाळीत महिन्याला 80 मिलिलिटर रक्त जाते. तिचा पाळीतलाच तोटा दिवसाला 1.1 मिलिग्रॅमच्या घरात, आणि एकूण 1.8. तिच्या ताटात 22 मिलिग्रॅमहून अधिक लोह हवे. तिच्याहूनही अधिक स्राव असणाऱ्या स्त्रिया आहेत. शिफारस केलेली मात्रा अशी ठरवतात की शंभरातल्या साडेसत्त्याण्णव निरोगी स्त्रियांची गरज तिच्यात बसावी. त्यामुळे तो आकडा 29 पर्यंत चढतो. एखाद्या बाईने 20 मिलिग्रॅम लोह खाल्ले म्हणजे ती कमी पडली, असा निकाल या आकड्यावरून देता येत नाही. तिची पाळी कशी जाते हे विचारल्यावाचून तर मुळीच नाही. म्हणून या अभ्यासक्रमात आहाराची नोंद घेताना पाळीचे दिवस आणि दिवसाला बदललेले कापड किंवा पॅड यांचीही नोंद घ्यायची आहे. हे विचारायला पहिल्या वेळी संकोच वाटतो. दुसऱ्या वेळी वाटत नाही.

आता अन्नस्रोतांचा रकाना. इथे एक जुनी चूक आजही अनेक पुस्तकांत आणि भिंतीवरच्या चित्रांत नांदते आहे. गोपालन आणि सहकाऱ्यांची भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका अनेक पिढ्यांनी वापरली. तिच्या जुन्या आवृत्त्यांत शंभर ग्रॅम पालकात 10.9, पोह्यांत 20 आणि अळिवाच्या बियांत 100 मिलिग्रॅम लोह दिले होते. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 पदार्थांची नवी कोष्टके काढली. त्यांत पालक 3 मिलिग्रॅमच्याही किंचित खाली आहे, पोहे साडेचारच्या आसपास आणि अळीव सतराच्या आसपास. पालेभाजीला चिकटलेली माती आणि पोहे कांडताना लोखंडी अवजारांतून मिसळणारे लोह अशा गोष्टी आकडा फुगवू शकतात. मोजण्याच्या पद्धतीही बदलल्या आहेत. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली पद्धत वाईट ठरली असे यातून निघत नाही. सतरा मिलिग्रॅम हा कोणत्याही धान्यापेक्षा मोठा आकडा आहे. पण एका लाडवात अळीव पडते चमचाभर, फार तर दहा ग्रॅम. म्हणजे लाडवातून मिळणारे अळिवाचे लोह पावणेदोन मिलिग्रॅमच्या आत राहते. जुन्या आकड्याने हिशेब केला, तर तेच दहा मिलिग्रॅम दिसते आणि बाळंतिणीची गरज जवळजवळ निम्मी भागल्याचा भास होतो.

सोबतच्या तक्त्यातले सगळे आकडे 2017 च्या कोष्टकांतून घेतले आहेत. दुसरीकडून आकडा घ्याल तेव्हा तो कोणत्या कोष्टकातला हे शेजारी लिहायची सवय लावा.

नव्या आकड्यांनी एका स्त्रीचा पूर्ण दिवस मांडून पाहू. हे सरावासाठी घेतलेले उदाहरण आहे, पण असे ताट आपल्याकडे शेकडो घरांत वाढले जाते. वय 28, वजन 50 किलो, शाकाहारी. सकाळी साठ ग्रॅम पोहे, त्यांतून 2.7 मिलिग्रॅम लोह. दुपारी दीडशे ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी, 5.9. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीची आमटी, 1.2. पाऊण वाटी मेथीची भाजी, निवडलेली मेथी पंचाहत्तर ग्रॅम, 4.3. रात्री दोन पोळ्या, साठ ग्रॅम कणीक, 2.5, पुन्हा तेवढीच आमटी, 1.2, आणि पंचाहत्तर ग्रॅम तांदळाचा भात, अर्धा मिलिग्रॅम. बेरीज 18.3.

सरासरी गरज 15, ताटात 18. कागदावर ही बाई सुरक्षित आहे. 8 टक्के शोषण धरले, तर जवळपास दीड मिलिग्रॅम आत जाते आणि तोटा 1.2. थोडी शिल्लकच उरते.

आता तिला विचारा, चहा केव्हा घेता? पोह्यांबरोबर एक कप, आणि दुपारी जेवून भांडी आवरली की लगेच दुसरा. दिवसातले सत्तर टक्क्यांहून अधिक लोह याच दोन वेळांत तिच्या पोटात गेले आहे, आणि दोन्ही वेळा त्याच्या पाठोपाठ चहा गेला. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि धरलेले लोह आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाही. ज्वारीच्या आणि गव्हाच्या कोंड्यातले फायटेट हेच काम आधीपासून करत असते. शोषण 5 टक्क्यांवर उतरले असे धरू. मग 18.3 मधले 0.9 मिलिग्रॅम आत जाते. तोटा 1.2. रोज 0.3 ची तूट, महिन्याला नऊ, वर्षाला शंभराहून अधिक मिलिग्रॅम. निरोगी स्त्रीच्या शरीरातला लोहाचा साठा तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे काहीही आजार नसताना, पोटभर जेवत असताना, तीन वर्षांत तो रिकामा होतो.

तिच्या ताटात काय बदलायचे, हे आता सांगता येते. चहा जेवणापासून तासभर दूर न्यायचा. आमटीवर लिंबू ताटात वाढल्यावर पिळायचे, उकळताना नव्हे, कारण 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. जेवणासोबत पेरूच्या दोन फोडी, आवळा, किंवा कच्च्या कोबीची कोशिंबीर. 'क' जीवनसत्त्व वनस्पतींतल्या लोहाला अशा रूपात ठेवते की आतडे ते उचलू शकते, आणि फायटेटची पकडही सैल होते. थंडीत ज्वारीऐवजी बाजरी घेतली तर त्याच दीडशे ग्रॅमांतून 5.9 ऐवजी 9.6 मिलिग्रॅम लोह मिळते. आंबट आमटी लोखंडी कढईत केली तर तीत थोडे लोह उतरते. मांसाहार चालत असेल, तर मटण, कलेजी किंवा मासळी यांचा उपयोग दुहेरी आहे. त्यातल्या लोहाचा मोठा भाग वेगळ्या वाटेने शोषला जातो, चहा आणि फायटेट त्याला फारसे अडवत नाहीत. शिवाय त्याच घासातल्या भाकरीचे लोहही अधिक शोषले जाते.

इथवर आल्यावर विद्यार्थ्यांना वाटते की आता उपचार हाती आला. तसे नाही, आणि हे मला आग्रहाने सांगायचे आहे. समजा याच बाईचे हिमोग्लोबिन 9.8 आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी 12 ही खालची मर्यादा मानतात. तिच्या शरीरात साडेतीन लिटर रक्त आहे. दर शंभर मिलिलिटरमागे 2.2 ग्रॅम हिमोग्लोबिन कमी, म्हणजे एकूण 77 ग्रॅम कमी. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये 3.4 मिलिग्रॅम लोह असते. तेव्हा तिला फक्त 12 वर यायला सुमारे 260 मिलिग्रॅम लोह हवे, साठा भरायचे वेगळेच. आहार उत्तम सुधारून, चहा दूर करून, बाजरी खाऊन तिला रोजच्या तोट्याच्या वर अर्धा मिलिग्रॅम शिल्लक पडली, तर 260 मिलिग्रॅम जमायला 520 दिवस लागतील. लोह कमी असताना शरीर ते थोडे अधिक शोषते, त्यामुळे काळ काहीसा घटेल; तरी तो महिन्यांत मोजण्याचाच राहील. तोपर्यंत तिने धाप लागत जिने चढायचे? ती या काळात गरोदर राहिली तर? इतक्या खाली आलेल्या हिमोग्लोबिनला डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीच लागते. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी ती काही महिने चालू ठेवावी लागते. काळी शौच होते, मळमळते म्हणून गोळी मध्येच सोडलेली बाई पुढच्या वर्षी पुन्हा त्याच आकड्यावर येते. आहाराचे काम आहे साठा भरल्यावर तो टिकवण्याचे. बीट आणि खजूर खाऊन रक्त वाढेल असे सांगून गोळी लांबवणारा आहारसल्लागार त्या बाईचे नुकसान करतो.

आता मधला रकाना, लक्षणांचा. थकवा, धाप, पापणीच्या आतली फिकट त्वचा, ठिसूळ किंवा चमच्यासारखी खोलगट नखे, तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा, केस गळणे, आणि माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाण्याची अनावर इच्छा. यांतले शेवटचे लक्षण बायका आपणहून सांगत नाहीत. त्यांना लाज वाटते. सासूला कळू नये म्हणून पदराआड पेन्सिल खाणाऱ्या बाईला हा आजाराचा भाग आहे असे सांगितले, की तिचा चेहरा मोकळा होतो. हे लक्षण बरेच नेमके आहे. बाकीची तशी नाहीत. तोंडाच्या चिरा रायबोफ्लेविनच्या ओळीतही आहेत. फिकट त्वचा आणि थकवा फोलेटच्या आणि ब-12 च्याही ओळीत आहेत. तक्त्यात एकच लक्षण तीन ठिकाणी छापले आहे ही छपाईची चूक नव्हे. शरीराकडे तक्रार सांगायचे शब्दच थोडे आहेत.

या गोंधळातून वाट कशी काढायची हे मुंबईत शिकून झाले आहे. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली, गरोदर स्त्रियांमधल्या घातक रक्तक्षयाचा शोध घ्यायला. गिरण्यांत राबणाऱ्या आणि इतर गरीब घरांतल्या या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोह कमी पडले की पेशी लहान होतात, मोठ्या नव्हेत. विल्सने त्यांचे आहार पाहिले, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि 1931 मध्ये प्रसिद्ध केले की यीस्टच्या अर्काने, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो. त्यातला गुणकारी घटक लोह नव्हता. पुढे 1941 मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा झाला आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. म्हणजे तक्त्यातली फोलेटची ओळ ज्या कामातून आली, ते मुंबईच्या बायकांच्या रक्तावर झाले आहे. विल्सला वाट दाखवली ती पेशीच्या आकाराने. थकवा तर सगळ्याच बायकांना होता.

आजच्या रक्ताच्या अहवालात हा आकार एमसीव्ही या नावाने छापलेला असतो. साधारण 80 ते 100 हा नेहमीचा पल्ला. आपल्या उदाहरणातल्या बाईचा आकडा 74 आला आणि फेरिटिन 8 आले, तर लोहाची कमतरता पक्की. फेरिटिन म्हणजे साठ्याचा आरसा; निरोगी प्रौढात ते 15 च्या खाली गेले की साठा संपला असे समजतात. साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरते. त्यामुळे हिमोग्लोबिन 12.4 असलेल्या, सतत थकणाऱ्या मुलीला तुझे रक्त चांगले आहे असे सांगून परत पाठवू नये. फेरिटिनचाही एक दोष आहे. ताप, जंतुसंसर्ग, शरीरात कुठे सूज असेल तर ते वाढते आणि रिकामा साठा भरलेला दिसतो. नुकतेच आजारपण झाले असेल तर तो आकडा जपून वाचावा.

तीन फसव्या जागा आवर्जून दाखवतो. पहिली, एमसीव्ही कमी पण फेरिटिन चांगले आणि तांबड्या पेशींची संख्या उलट भरपूर. इथे थॅलेसेमियाच्या वाहकतेचा संशय घ्यायचा. तिची तपासणी वेगळी असते, आणि उगाच लोह देत राहण्यात हित नसते. लग्न ठरलेल्या किंवा नुकत्याच गरोदर राहिलेल्या स्त्रीत हे वेळेवर कळणे फार मोलाचे आहे, कारण जोडीदारही वाहक असेल तर मूल गंभीर आजारी होऊ शकते.

दुसरी जागा आपल्या शाकाहारी घरांची. ब-12 फक्त प्राणिज अन्नात असते. दूध, दही, ताक एवढेच ज्यांच्या ताटात येते आणि तेही चहापुरते, त्यांना 2.2 मायक्रोग्रॅमची रोजची गरज भागवणे कठीण जाते. यकृतातला साठा वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून कमतरता उशिरा दिसते. ब-12 कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असतील तर सरासरी आकार नेहमीसारखा येतो आणि अहवाल निर्दोष वाटतो. अशा वेळी पायांना मुंग्या येतात का, अंधारात चालताना तोल जातो का, हे विचारा. आणि नुसते फोलिक आम्ल देऊन समाधान मानू नका. त्याने रक्त सुधारते, पण ब-12 वाचून नसांची हानी तशीच चालू राहते आणि सुधारलेल्या रक्ताआड ती लपते.

तिसरी जागा म्हणजे पुरुष, आणि पाळी थांबलेली स्त्री. त्यांच्यात लोहाची कमतरता निघाली तर आहाराची नोंद घेण्याआधी रक्त कुठून जाते आहे हे शोधायला डॉक्टरांकडे पाठवा. मूळव्याध, जठरातला व्रण, वेदनाशामक गोळ्या, आणि आतड्याचा कर्करोगही या वाटेने पहिल्यांदा कळतो. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांत आकडी कृमी रोज थोडे थोडे रक्त पितात. तक्त्यात कारणांचा रकाना नाही. तो एका पानावर मावणारही नव्हता. म्हणून तक्त्याच्या उजव्या कडेला दोन बोटे कोरी जागा सोडली आहे. तिथे प्रत्येक ओळीपुढे विद्यार्थ्याने स्वतः कारणे लिहायची आहेत.

पहिल्या तासाला येताना आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका स्त्रीचा कालचा पूर्ण दिवस, तिच्या संमतीने, लिहून आणा. पीठ आणि डाळ वाट्यांत नको, ग्रॅममध्ये हवी. त्यासाठी घरातला काटा किंवा वाण्याचा काटा चालेल. चहाच्या वेळा विसरू नका.